पाणी रोज नक्की किती प्यायचं? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच पाहिजे का?

नाही. हा आकडा इतक्या वेळा ऐकलाय आपण की तो कुणीतरी मोजून काढला असणार असंच वाटतं. 1945 साली अमेरिकेतल्या एका आहार मंडळाने लिहिलं होतं की मोठ्या माणसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, म्हणजे खाल्लेल्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर, आणि त्याच्या पुढचंच वाक्य असं होतं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं आणि दुसरं गळून पडलं. आठ ग्लासाचं खूळ नेमकं इथूनच निघालं की आणखी कुठून यावर वाद आहे, पण 2002 मध्ये हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या किडनीच्या अभ्यासकाने यामागचा पुरावा शोधायला घेतला तेव्हा निरोगी, बैठं काम करणाऱ्या माणसाने आठ ग्लास प्यायलाच हवेत असं दाखवणारं त्याला काहीच सापडलं नाही.

पण मोठमोठ्या संस्था तर तीन-साडेतीन लिटर सांगतात?

तो आकडा एकूण पाण्याचा असतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये पुरुषांसाठी 3.7 आणि बायकांसाठी 2.7 लिटर सांगितलं, युरोपवाल्यांनी 2010 मध्ये 2.5 आणि 2 लिटर, आणि या दोन्हीत जेवणातलं पाणी, चहा, दूध, ताक सगळं धरलेलं आहे. म्हणून दोन आकड्यांमधला फरक बघून घाबरू नका, तिकडची खाण्यापिण्याची पद्धत आणि हवा वेगळी म्हणून हिशोब वेगळा आला. आणि हे "किमान इतकं नाही प्यायलं तर त्रास होईल" असे आकडे नाहीत, तिथले निरोगी लोक साधारण किती घेतात यावरून बरेचसे ठरवलेत.

मग माझा हिशोब कसा करायचा?

एक उदाहरण घेऊ. पुण्यात डिसेंबर महिना, साठ किलो वजनाची बाई, ऑफिसात बसून काम. दिवसभरात तिच्या अंगातून बाहेर जातं ते असं: लघवीवाटे साधारण दीड लिटर, त्वचेतून आणि श्वासातून न कळता जाणारं आठशे मिलिलिटर, शौचातून शंभर-दीडशे. एकूण झाले अडीच लिटरच्या आतबाहेर.

आता आत काय येतं ते बघा. अन्न जळताना शरीर स्वतःच अडीचशे मिलिलिटर पाणी तयार करतं, ते फुकटचं. जेवणातून सातशे तरी येतात, कारण वाटीभर तांदूळ शिजवताना आपण दोन वाट्या पाणी घालतो ते कुठे जात नाही, शिजलेल्या भातात दोन तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं, वरण-आमटीत त्याहून जास्त आणि काकडीच्या कोशिंबिरीत तर जवळपास सगळंच. तीन कप चहाचे तीनशे धरा, ग्लासभर ताकाचे दोनशे. झाले साडेचौदाशे. राहिलं एक लिटर, म्हणजे आपल्या घरातले स्टीलचे पाच ग्लास, आणि ते ती तहान लागेल तसं पिऊन टाकते, मोजायची गरजच पडत नाही.

हीच बाई एप्रिलमध्ये नागपूरच्या बाजूला शेतात पाच तास काम करत असेल तर? अशा उन्हात कष्टाच्या कामात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. म्हणजे तीन-चार लिटर वरून हवेत आणि पाच ग्लासांत तिचं काहीच भागणार नाही. 2022 मध्ये 23 देशांतल्या साडेपाच हजारांवर लोकांच्या शरीरातलं पाणी रोज किती बदलतं हे प्रत्यक्ष मोजलं गेलं तेव्हाही हेच दिसलं, की हवा, दमटपणा, कष्ट, वय, गरोदरपण यांनी गरज इतकी बदलते की सगळ्यांना एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही दिवसाला साधारण सहाशे-सातशे मिलिलिटर जास्त लागतं.

तहान लागली म्हणजे शरीर आधीच सुकलेलं असतं म्हणे, खरं का?

हे बाटलीबंद पाणी आणि एनर्जी ड्रिंक विकणाऱ्यांच्या फार सोयीचं वाक्य आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथल्या पेशी रक्त किती घट्ट झालंय हे सतत चाखत असतात. रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी दोन गोष्टी होतात, एक म्हणजे एडीएच नावाचं हार्मोन सुटतं आणि ते किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव, लघवी कमी कर, आणि दुसरं म्हणजे तहान लागते. खरं डिहायड्रेशन डॉक्टर ज्याला म्हणतात ते यानंतर बरंच पुढे असतं. म्हणजे तहान ही वेळेवर वाजणारी घंटा आहे.

पण काही लोकांमध्ये ही घंटा नीट वाजत नाही हेही खरं. सत्तरी ओलांडलेल्यांना तहान कमी लागते, त्यांनी जेवणासोबत, औषधांसोबत, चहासोबत ठरवून थोडं थोडं प्यावं. तापात, जुलाबात, भर उन्हात कामाच्या नादात असलेला माणूसही तहानेकडे लक्ष देत नाही. लहान मुलं खेळात विसरतात. अशांना आठवण करावी लागते.

चहा-कॉफीने उलट पाणी कमी होतं ना?

नाही होत, म्हणजे रोज पिणाऱ्यांचं तरी नाही. कॅफिनने लघवी थोडी जास्त होते पण कपातलं पाणी त्याहून कितीतरी जास्त असतं आणि सवय असलेल्या माणसात तो परिणामही फार उरत नाही. तीन-चार कप चहा खुशाल पाण्यात धरा. दारूचं मात्र तसं नाही, ती एडीएचलाच दाबते.

लघवीचा रंग बघून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, फक्त दिवसभरातली बघायची, सकाळची पहिली नाही कारण ती रात्रभर साठलेली असते म्हणून गडदच असणार. फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. गडद पिवळी आणि कमी वेळा होत असेल तर पाणी वाढवा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर लघवी भडक पिवळी होते, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

पण एक गोष्ट लोक उलटी समजतात. लघवी दिवसभर पाण्यासारखी पांढरी स्वच्छ असणं हे ध्येय नाहीये. ती तशी असेल तर याचा अर्थ एवढाच की किडनी जास्तीचं पाणी बाहेर फेकतेय.

सकाळी उठल्या उठल्या दीड लिटर पाणी प्यायचं, त्याने शरीरातलं विष निघून जातं असं सांगतात?

सकाळी उठून एखाद-दोन ग्लास प्यायला, कोमट, गार, तांब्यातलं, जसं आवडेल तसं, काहीच हरकत नाही, पोट साफ व्हायलाही काहींना मदत होते. पण युरियासारखी टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला किडनीला दिवसाकाठी अर्धा लिटर लघवीसुद्धा कशीबशी पुरते, दीड लिटरमध्ये तर ती आरामात काम करते. त्यावर तुम्ही दोन लिटर जास्त ओतले तर टाकाऊ पदार्थ जास्त निघत नाहीत, तेवढेच पदार्थ जास्त पाण्यात मिसळून निघतात इतकंच.

जास्त पाण्याने नक्की होतं काय? निघून जाईल की लघवीवाटे.

बहुतेक वेळा निघूनच जातं, म्हणून तर लोकांना हा धोका खोटा वाटतो. पण किडनीलाही वेगाची मर्यादा आहे, तासाला साधारण पाऊण ते एक लिटरच्या वर ती पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्याहून भरभर पीत राहिलं की रक्त पातळ होतं आणि त्यातलं सोडियम उतरतं. नॉर्मल 135 ते 145 असतं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. हातापायांच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही, मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात आहे, त्याला फुगायला जागा नाही. आधी मळमळ, डोकं दुखणं, मग गोंधळ, असंबद्ध बोलणं, मग फिट येणं, बेशुद्धी, आणि त्यापुढे मृत्यूसुद्धा. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात एका रेडिओ स्टेशनने लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली होती, त्यात भाग घेतलेली 28 वर्षांची एक आई त्याच दिवशी घरी मरण पावली. तिला कुठलाही आजार नव्हता.

अशी स्पर्धा कोण लावणार आपल्याकडे? साध्या माणसाला कसला धोका?

आपल्याकडे हे वेगळ्या दारातून येतं, आणि मला हेच सगळ्यात कळकळीने सांगायचंय. माझ्या मावशीचं बघा. वय 74, बीपीची गोळी चालू, त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं. बीपीच्या खूप गोळ्यांमध्ये असतं ते, पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं लिहिलेलं दिसेल, नाहीतर नावापुढे नुसतं एच किंवा सीटी असतं. मीठ कमी करा सांगितलं म्हणून तिने जवळपास बंदच केलेलं, जेवण म्हणजे सकाळी चहा-टोस्ट, दुपारी थोडा मऊ भात, रात्री परत दूध-टोस्ट. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की चार लिटर पाणी प्यायलं की किडनी स्वच्छ राहते, आणि मावशी शिस्तीची, टेबलावर दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत दोन वेळा संपवायची.

आठवडाभर तिला मळमळत होतं, जेवण नको वाटायचं, सगळे म्हणाले पित्त झालंय, पाणी जास्त पी. मग चालताना तोल जायला लागला. एका सकाळी तिने मुलाला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली आणि दोन मिनिटांनी परत मारली, तेव्हा दवाखान्यात नेलं. पॅरालिसिस असेल म्हणून सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल. रक्ताचा रिपोर्ट आला, सोडियम 118.

किडनी तासाला पाऊण ते एक लिटर टाकते म्हणालात, मग दिवसाला चार लिटर तर आरामात टाकेल ना?

तरुण, नीट जेवणाऱ्या माणसाची टाकते, दिवसभरात विभागून प्यायलं तर दहा-बारा लिटरसुद्धा. पण पाणी नुसतं बाहेर जात नाही, लघवी होण्यासाठी त्याच्यासोबत थोडं मीठ आणि प्रथिनांपासून तयार झालेला युरिया जावाच लागतो. रोज भाजी-पोळी, डाळ, दही, अंडं खाणाऱ्याकडे हा साठा भरपूर असतो. चहा-टोस्टवर राहणाऱ्या माणसाकडे तो तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि मग पाणी बाहेर टाकायची क्षमताही तितकीच खाली येते, म्हणजे चारेक लिटर. त्यात वयामुळे एडीएच जास्त सुटतं, आणि वरची गोळी किडनीची पातळ लघवी करायची ताकदच काढून घेते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चार लिटर तर सोडाच, दोन-अडीच लिटरही जास्त होऊ शकतात. लांबलेल्या कडक उपासात नुसतं पाणी-पाणी करणाऱ्यांचंही गणित याच वाटेने बिघडतं.

मावशीची ती गोळी डॉक्टरांनी बंद करून दुसरी दिली, पाणी दिवसाला एक लिटरवर आणलं, मिठाचं तीव्र सलाइन अगदी थेंबाथेंबाने लावलं आणि दर काही तासांनी रक्त तपासत राहिले. आम्हाला वाटत होतं एवढं कमी आहे तर पटकन वाढवत का नाहीत, पण बरेच दिवस उतरलेलं सोडियम एका दिवसात आठ-दहाच्या वर चढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण कायमचं खराब होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी 125 झालं, चौथ्या दिवशी 132, आणि तिला सगळ्यांची नावं बरोबर आठवायला लागली.

म्हणून घरात वयस्कर माणूस अशा गोळीवर असेल आणि अचानक मळमळ, अशक्तपणा, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर घरच्या घरी मीठ-पाणी पाजत बसू नका, सोडियमची तपासणी करून घ्या, बहुतेक लॅबमध्ये होते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि बोलण्यात गोंधळ असेल, झोपाळलेलं असेल किंवा फिट आली तर लॅब नाही, सरळ हॉस्पिटल.

मॅरेथॉनमध्ये धावताना तर भरपूर प्यायलाच पाहिजे?

तहानेनुसार प्या, प्रत्येक स्टॉलवर थांबून नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं, तर त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं आणि तिघांचं 120 किंवा त्याहून खाली. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू यानेच गेली. यात सगळ्यात मोठी खूण कुठली सापडली तर धावताना वजन वाढणं, म्हणजे जेवढा घाम गेला त्याहून जास्त पाणी पोटात गेलं. ही भीती जोरात पळणाऱ्यांपेक्षा चार-पाच तास सावकाश धावणाऱ्यांना जास्त, कारण त्यांना घाम कमी येतो आणि प्यायला वेळ भरपूर मिळतो. मुंबई मॅरेथॉनसाठी सराव करत असाल तर एखाद्या लांबच्या रनच्या आधी आणि नंतर, घामट कपडे काढून, वजन करा. किलोभर कमी भरलं तर काळजी नाही, साठ-सत्तर किलोच्या माणसाला तेवढं चालतं. वजन वाढलेलं असेल तर नक्कीच जास्त प्यायलात. अंगठी आणि घड्याळ घट्ट होणं, बोटं सुजणं, हीसुद्धा खूण आहे.

पाण्यात इलेक्ट्रोलाइट पावडर टाकली की मग कितीही चालेल ना?

नाही, इथे खूप जण फसतात. स्पोर्ट्स ड्रिंकमधलं मीठ रक्तातल्या मिठाच्या मानाने फारच कमी असतं, सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं, त्यामुळे ते गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर रक्त पातळ व्हायचं ते होतंच. बोस्टनच्या त्या अभ्यासातही साधं पाणी प्यायलेले आणि स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलेले यांच्यात फरक दिसला नव्हता, किती प्यायलं यावर सगळं अवलंबून होतं.

जुलाब-उलट्यांसाठीचं ओआरएस ही वेगळी आणि फार मोलाची गोष्ट आहे, 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य पेशंट वाचवले. पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाका, अर्धं-अर्धं करू नका. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. ऑफिसात एसीत बसून रोज प्यायची ती वस्तू नाही.

उन्हात काम करणाऱ्यांनी एका वेळी किती प्यावं?

दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या आसपास, आणि काहीही झालं तरी तासाला दीड लिटरच्या वर नको. जेवण मात्र चुकवू नये, भाकरी-चटणी, भाजी, आमटी यातून घामात गेलेलं मीठ परत येतं. रिकाम्या पोटी नुसतं पाणी ढोसत काम करणं सगळ्यात वाईट.

उभं राहून पाणी प्यायलं की गुडघे जातात, जेवताना प्यायलं की पचन बिघडतं, गरम पाण्याने चरबी वितळते?

तिन्ही नाही. पाणी आतड्यातून रक्तात जातं, गुडघ्यात उतरत नाही. जठरातलं आम्ल दोन घोटांनी निकामी होत नाही, लागेल तसं नवीन सुटतं. आणि गरम पाणी पोटात गेल्यावर शरीराच्याच तापमानाला येतं. जेवणाआधी ग्लासभर प्यायल्याने काहीजण थोडं कमी खातात, एवढंच.

मला मुतखडा झाला होता, मग मी तर जास्त प्यायलंच पाहिजे?

हो, तुम्ही प्यायला पाहिजे. इथे जास्त पाण्याचा खरंच फायदा आहे, पण लक्ष्य पिण्याचं नाही, लघवीचं आहे, दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. सुट्टीच्या एका दिवशी चोवीस तासांची लघवी मापाच्या बाटलीत मोजून बघा. कमी भरली तर पाणी वाढवा, उन्हाळ्यात पुन्हा मोजा कारण घामामुळे तेवढ्याच पाण्यात लघवी कमी होते. आणि दिवसभर विभागून प्या, झोपायच्या आधीही एक ग्लास.

लहान बाळाला उन्हाळ्यात पाणी द्यावं का?

सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी अजिबात नको, आईच्या दुधात ते भरपूर असतं, फक्त उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा. एवढ्या लहान बाळाची किडनी जास्तीचं पाणी टाकू शकत नाही आणि सोडियम उतरून फिट येऊ शकते. पावडरचं दूध देत असाल तर डब्यावरच्या मापापेक्षा पातळ करू नका, त्यातूनही तेच होतं.

हार्ट, किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल तर?

वरचं काहीच तुम्हाला लावू नका. हार्ट फेल्युअर, डायलिसिस, लिव्हर सिऱ्हॉसिस यात पाणी मोजूनच प्यायचं असतं आणि आकडा तुमचे डॉक्टर ठरवतात, त्यात चहा, ताक, आमटीसुद्धा धरायची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली किंवा आडवं झाल्यावर धाप लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.